सहा दंड आणि एक शिरोरेषा

‘श्रमसाफल्य’ हे घराचं नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलनीत सापडेल. कर्ज फिटलेलं असतं, निवृत्ती झालेली असते, आणि फाटकाजवळच्या भिंतीवर हा शब्द येतो. कागदावर तो लिहायला काहीच अडचण नाही. अक्षरं काढायची, वरून शिरोरेषा ओढायची, झालं. रेघ रेघेला जिथे भेटते तिथे शाई दोनदा पडते, पण दोनदा पडलेली शाई एकदा पडलेल्या शाईइतकीच काळी दिसते.

तापलेल्या लेखणीने हाच शब्द लाकडावर जाळून लिहायचा म्हटलं की हिशोब बदलतो. दोनदा जळलेलं लाकूड एकदा जळलेल्या लाकडासारखं दिसत नाही. ते आणखी काळं होतं, खोल जातं, कडेने पसरतं. ‘श्रमसाफल्य’मध्ये शिरोरेषेला खालून सहा दंड येऊन भिडतात: श्रचा एक, मचा एक, साचे दोन, फचा एक, ल्यचा एक. शिवाय म, स, फ आणि य यांचे डावे अवयवही शिरोरेषेतूनच खाली उतरतात. म्हणजे नुसत्या वरच्या एका रेघेवर दहा सांधे. खाली मची गाठ, सची आडवी दांडी आणि फची वाटी दंडाला मिळते ते सांधे वेगळेच. नवशिक्याने केलेली पाटी लांबून ओळखता येते ती यामुळेच. शिरोरेषेवर ठराविक अंतराने काळे ठिपके दिसतात, आणि मची गाठ बुजून तिथे नुसता डाग उरलेला असतो.

सिंधुदुर्गात कुडाळच्या बाजूला एक ताई अशा पाट्या करतात. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता घरामागच्या पडवीत लाकूड, ट्रान्सफॉर्मरची पेटी आणि तारेचे पेन घेऊन बसतात. आपलं नाव छापू नका, एवढीच त्यांची अट होती. “पाटी बघितल्यावर अक्षर दिसायला पाहिजे, पेन कुठे थांबला ते दिसायला नको,” असं त्या म्हणाल्या. पुढचं सगळं त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

डाग पडतो म्हणजे काय होतं

लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तपकिरी व्हायला लागतं. त्यातला हेमिसेल्युलोज नावाचा घटक सर्वांत आधी मोडतो. ३०० अंशांच्या पुढे सेल्युलोजही वेगाने मोडू लागतं आणि मागे कोळसा उरतो. आपल्याला हवा असतो तो या दोन अवस्थांमधला गडद, एकसारखा तपकिरी रंग. त्याची कड स्वच्छ असते आणि पृष्ठभाग टणक राहतो. कोळसा मात्र ठिसूळ असतो. बोट फिरवलं की सुटतो, आणि कडेचं लाकूडही तपकिरी करून ठेवतो. सांध्यावरचा डाग म्हणजे तपकिरीची हद्द ओलांडून कोळशात गेलेली जागा.

ती हद्द का ओलांडली जाते, याचं मुख्य कारण पेनाचा वेग. समजा, पेन सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर सरकतोय. दंड ओढत ओढत शिरोरेषेपाशी आलात आणि ‘आता पोचलो’ म्हणून अर्धा सेकंद थांबलात, तर एरवी दीड मिलिमीटर रेघेत वाटली गेली असती तेवढी उष्णता एका बिंदूवर उतरली. हात थांबला तरी पेन थांबत नाही. तो तापतच असतो.

दुसरं कारण रेघेच्या सुरुवातीला असतं. पेन हवेत धरलेला असतो तेव्हा टोकाची उष्णता लाकडात जात नाही, त्यामुळे टोक लिहिताना असतं त्याहून जास्त तापलेलं असतं. पहिला स्पर्श होताच ती साठलेली उष्णता एकदम बाहेर पडते. म्हणून रेघेच्या मुळाशी बारीक काळा गोळा दिसतो आणि पुढे रेघ फिकट होत जाते.

तिसरं कारण फक्त सांध्याचं आहे. दुसरी रेघ जिथे येऊन पोचते तिथलं लाकूड पहिल्या रेघेने आधीच वाळवलेलं असतं. कोऱ्या लाकडावर पेनाची बरीच उष्णता आतली ओल उडवण्यात खर्च होते. सांध्यावर ओल शिल्लक नसते, लाकूड कदाचित अजून गरमही असतं, म्हणून तोच पेन त्याच वेगाने गेला तरी जास्त जाळतो. इथे नुसता हात सफाईने चालवून भागत नाही. रेघांचा क्रमच बदलावा लागतो.

पेन दोन प्रकारचे

बाजारात स्वस्तात मिळतो तो पेन सोल्डरिंग आयर्नचाच भाऊ. आत तापणारी कांडी, पुढे पितळेचं टोक आट्यांवर फिरवून बसवलेलं. पितळेच्या जाड गोळ्यात उष्णता भरपूर साठते, त्यामुळे तापायला काही मिनिटं लागतात आणि निवायलाही तेवढीच. बटण कमी केलं तरी टोक लगेच ऐकत नाही. अशा पेनाने ठळक, मोठी अक्षरं उत्तम होतात; नाजूक सांधे जिकिरीचे जातात.

दुसरा पेन तारेचा. निक्रोमच्या तारेचा छोटा वळसा पुढे असतो आणि पेटीतून कमी व्होल्टेजचा पण जास्त अँपिअरचा प्रवाह त्या तारेतूनच जातो. तार स्वतःच तापते. तिचं वस्तुमान अगदी कमी असल्याने बटण फिरवलं की काही सेकंदांत फरक पडतो, आणि लाकडाला टेकली की तितक्याच पटकन निवतेही. तार ठोकून चपटी केली की सुरीसारखी धार येते, वाकवून गोल केली की बोथट लेखणी होते, रुंद ठेवली की छटा भरायचं टोक तयार होतं. ताईंच्या हातात बहुतेक वेळ दोनच टोकं असतात: कडा काढायला तिरप्या धारेचं आणि आतला भाग भरायला रुंद, कडा गोलसर केलेलं.

पेनाने जाळून चित्र काढण्याच्या कलेला फ्रान्समधल्या एका वैद्यकीय अवजारानेही हात दिलेला आहे. १८७०च्या दशकात पॅकलां नावाच्या डॉक्टरने जखमा डागण्यासाठी प्लॅटिनमचं पोकळ टोक बनवलं. रबरी फुग्याने आत बेंझिनची वाफ ढकलली की टोक सतत तापलेलं राही. त्याआधी लोखंडी सळ्या निखाऱ्यात घालून एकामागून एक वापराव्या लागत, आणि सळई निवेल तशी रेघ फिकी पडे. सतत तापलेलं टोक मिळालं तेव्हा रेघ अखंड झाली, आणि सांध्यावर थांबलेल्या हाताचे डागही तिथूनच सुरू झाले असणार.

जाडी कोणत्या अक्षरावरून ठरवायची

पाटीवर अक्षराची जाडी किती ठेवायची, हा प्रश्न बहुतेक जण डोळ्याने सोडवतात. ठळक बरं दिसतं म्हणून ठळक. पण जाळून लिहिताना जाडीवर तीन गोष्टींचा ताबा असतो: किती लांबून वाचायचं आहे, टोक केवढं आहे, आणि शब्दातलं सर्वांत अडचणीचं अक्षर कोणतं आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच विसरली जाते.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ढोबळ नियम असा, की दर ३ मीटर अंतराला सुमारे २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर असलं की ते सहज वाचता येतं. फाटकापासून दारापर्यंत ४ ते ५ मीटर असतील तर ४० मिलिमीटर उंची ठीक. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून दंडाच्या पायापर्यंतची धरायची. वरच्या मात्रा आणि खालचे उकार तिच्यात धरायचे नाहीत. नाहीतर मात्रांसकट चाळीस मोजले जातात आणि मूळ अक्षर पंचवीसचंच उरतं.

आता ४० मिलिमीटर उंचीला जाडी किती? उंचीच्या एक दशांश, म्हणजे ४ मिलिमीटर, ही सुरुवात म्हणून बरी. छापील ठळक मथळ्यांच्या मानाने ती बारीक आहे, पण तपकिरी रंग फिक्या लाकडावर उठून दिसतो. ‘श्रमसाफल्य’साठी ताईंनी याच आकड्याने सुरुवात केली, आणि मग थेट मकडे वळल्या.

मच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गाठ असते. ४० मिलिमीटर उंच अक्षरात तिचा बाहेरचा आकार साधारण १० मिलिमीटर येतो. रेघ ४ मिलिमीटर जाड ठेवली तर दोन्ही बाजूंचे मिळून ८ मिलिमीटर गेले आणि आत भोक उरलं २ मिलिमीटरचं. त्यात जळलेल्या कडेची फिकी झाक असतेच. नीट काम केलं तरी ती प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे स्वच्छ लाकूड फक्त १ मिलिमीटर. तीन मीटरवरून ते भोक दिसतच नाही, गाठ काळी दिसते. रेघ ३ मिलिमीटर केली तर भोक ४ मिलिमीटरचं होतं, आणि झाक वजा केली तरी ३ मिलिमीटर स्वच्छ लाकूड उरतं. रेघेच्या जाडीएवढी पोकळी शिल्लक राहिली. ताईंचा नियम हाच आहे. शब्दातली सर्वांत लहान पोकळी, झाक वजा करून, रेघेच्या जाडीपेक्षा कमी भरता कामा नये. भरली तर रेघ बारीक करायची किंवा पाटी मोठी करायची.

‘श्रमसाफल्य’ची जाडी अशी ३ मिलिमीटर ठरली, ती एकट्या मने ठरवली. ल्य सोडला तर बाकीच्या अक्षरांना चार चाललं असतं. ल्यमध्ये अर्धा ल आणि यची वाटी यांच्यामधली फट जेमतेम चार मिलिमीटरची निघाली, म्हणून तिथे ताईंनी दोन अवयवांमधलं अंतर किंचित वाढवून घेतलं. शब्दात ण, ष किंवा क्ष असता तर त्या अक्षराने आणखी खाली खेचलं असतं. ‘सावली’ किंवा ‘घरकुल’ या नावांत गाठच नाही, तिथे शब्द चार किंवा साडेचारने निर्धास्त लिहिता आला असता.

शिरोरेषेच्या जाडीला एक वेगळी गोम आहे. सारख्याच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते. मुद्राक्षरं घडवणारे हे जाणून आडवी रेघ किंचित बारीक ठेवतात. ताई उभे दंड ३ आणि शिरोरेषा सुमारे पावणेतीन मिलिमीटर ठेवतात. मोजून बघणाऱ्याला फरक सापडेल. वाचणाऱ्याला दोन्ही सारख्या वाटतात.

टोकाचं काय? एका फेरीत तारेचं गोल टोक साधारण एक ते दीड मिलिमीटर रुंद रेघ देतं. दोन मिलिमीटरपर्यंतची अक्षरं त्याने सरळ लिहिता येतात. त्याहून जाड रेघेसाठी टोक दाबून रुंदी वाढवायला गेलं की रेघ खोल जाते, रुंद होत नाही. तिथे आधी दोन्ही कडा काढायच्या आणि मग आतला भाग भरायचा.

लाकूड आणि त्याचे तंतू

आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण तिच्यात रंगाचे पट्टे असतात. सागात तेल असतं, तंतू ठळक असतात आणि मुळातच तपकिरी रंग असतो, त्यामुळे अक्षर उठत नाही. पाइनच्या लाकडात मऊ आणि कडक वलयं आलटून पालटून येतात. मऊ पट्ट्यात पेन घुसतो, कडक पट्ट्यावर अडखळतो, आणि राळेच्या जागी रेघ मध्येच काळी होते. ताई शिवण वापरतात. फिका पिवळसर रंग, बारीक आणि बऱ्यापैकी एकसारखा पोत. चन्नपट्टणची खेळणी ज्या काळ्या कुड्याच्या लाकडाची होतात तेही जाळायला छान, पण त्याची रुंद फळी मिळणं कठीण.

एमडीएफ आणि लॅमिनेट लावलेला प्लाय मात्र दूरच ठेवायचा. त्यांतल्या रेझिनचा धूर फुप्फुसांना घातक असतो. रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडावरही पेन टेकवायचा नाही.

फळी घासताना आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ओलसर फडकं फिरवून लाकूड वाळू द्यायचं. ओलीने तंतूंची बारीक लव उभी राहते. ती ३२० नंबरने काढायची. लव तशीच राहिली तर पेन तिच्यात अडकतो आणि रेघेची कड फाटल्यासारखी दिसते.

पाटीची लांबी नेहमी फळीच्या लांबीतच येते, म्हणजे तंतू आडवे, शिरोरेषेच्या दिशेने. लाकूड तंतूंच्या दिशेने उष्णता आडव्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट वाहून नेतं. म्हणून उभ्या दंडाच्या दोन्ही बाजूंना झाक जास्त पसरते, शेजारच्या पोकळीकडे. शिरोरेषेच्या वरखालच्या कडा मात्र स्वच्छ राहतात. त्याच्या मोबदल्यात शिरोरेषा ओढताना पेन तंतूंच्या वाटेने घसरतो आणि रेघ वाकडी होऊ पाहते. दंड कमी तापमानावर, शिरोरेषा आखलेल्या रेघेवर नजर ठेवून, असं त्या दोघांना वेगळं वागवावं लागतं.

क्रम: लिहिण्याचा नव्हे, जाळण्याचा

शब्द कागदावर बेतून झाल्यावर कागदाच्या मागे पेन्सिल घासून तो फळीवर उतरवला जातो. साधा कार्बन पेपर वापरत नाहीत, कारण त्याचा मेणट डाग नंतर निघत नाही.

मग त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर कसोटीची पट्टी. बटणाच्या पाच जागा घ्यायच्या, प्रत्येकीवर तीन रेघा: सावकाश, मध्यम, वेगात. जी रेघ मध्यम वेगाने गडद तपकिरी आली, कडेला झाक फारशी नाही आणि धुराचा धागा उठला नाही, ती जागा खडूने पेटीवर लिहून ठेवायची. मग तिथेच एक दंड आणि एक शिरोरेषा ओढून सांधा करून बघायचा. धूर सरळ वर चढायला लागला किंवा तार मंद लाल दिसली तर तापमान जास्तच आहे. दुसऱ्या बाजूला, रेघ गडद करण्यासाठी पेन सारखा थांबवावा लागत असेल तर तापमान कमी आहे. तापमान कमी ठेवून पेन रेंगाळू दिला तरी झाक पसरते, हे पुष्कळांना पटत नाही. ‘कमी गरम म्हणजे सुरक्षित’ असं ते धरून चालतात.

पट्टी दर पाटीला नव्याने करायची. कोकणात पावसाळ्यात फळीत ओल वाढते आणि तीच सेटिंग फिकी पडते. सोल्डरिंगच्या जातीचा पेन असेल तर विजेचाही परिणाम होतो. २३० व्होल्टचे संध्याकाळी २०० झाले की पेनाची शक्ती जवळजवळ पाव हिश्शाने उतरते. आणि डोक्यावर छताचा पंखा चालू असेल तर तारेचं टोक झुळकेझुळकेने निवत-तापत राहतं; एकाच दंडात दोन रंग येतात. ताईंच्या पडवीत छताचा पंखा बंद असतो आणि बाजूच्या खिडकीत धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट चालतो. फुंकणारा पंखा नको, ओढणारा हवा.

आता मुख्य काम. बोरूने लिहिताना आपण एक अक्षर पूर्ण करून पुढच्याकडे जातो. ताई पूर्ण पाटीवर एकाच प्रकारची रेघ संपवतात. आधी सगळ्या कडा, तिरप्या धारेच्या टोकाने, कमी तापमानावर. प्रत्येक दंडाच्या दोन्ही कडा शिरोरेषेच्या खालच्या कडेपासून साधारण १ मिलिमीटर आधी संपतात. मची गाठ दंडाकडे जाते ती दांडीही दंडाला टेकण्याआधी थांबते. पहिल्या फेरीनंतर शब्द तुटकतुटक दिसतो. प्रत्येक सांध्यावर कोऱ्या लाकडाची बारीक खिडकी राहिलेली असते.

कड काढताना हात टेकतो आणि उचलतो तो विमान धावपट्टीवर उतरतं आणि सुटतं तसा. टेकण्याआधीच पेन रेघेच्या दिशेने सरकत असतो आणि उचलतानाही सरकतच असतो. टेकण्याआधी टोक एकदा टाकाऊ लाकडावर ओढून साठलेली उष्णता काढून टाकायची. रेघ कोपऱ्यापासून सुरू करायची नाही. दुसऱ्या टोकाकडून कोपऱ्याकडे यायचं आणि हलकं होत उचलायचं. दोन कडा मिळून कोपरा होत असेल तर दोन्ही कोपऱ्याकडे येतात, दोन्ही तिथे विरतात. सुरुवात नेहमी गडद असते आणि शेवट फिका; गडद टोक सांध्यापासून लांब ठेवायचं, एवढंच यामागचं गणित. यासाठी हात वळवत बसायचं नाही, फळीच फिरवायची. ताईंची फळी उलटी-आडवी सारखी फिरत असते, पेन मात्र कायम त्यांच्याकडेच ओढला जातो.

कडा झाल्या की आतला भाग भरायचा. रुंद टोक कडेपासून थोडं आत टेकवून रेघेच्या लांबीत ओढायचं, कडेवरून आडवं न्यायचं नाही. एक अक्षर सोडून एक अक्षर भरायचं: श्र, मग सा, मग ल्य, ते निवेपर्यंत म आणि फ. शेजारचं अक्षर थंड असलं की त्याची झाक वाढत नाही.

शिरोरेषा शेवटी, आणि एका दमात नाही. एका दमात ओढली की पेन सांध्यापाशी येताना हात नकळत मंदावतो, कारण डोळा तिथे दंड शोधतो. ताई शिरोरेषा दोन दंडांच्या मधल्या भागांत ओढतात. प्रत्येक भाग मध्यावरून सुरू होऊन दोन्ही बाजूंच्या दंडांकडे जातो आणि त्यांच्या वर पोचता पोचता उचलला जातो. मधल्या सुरुवातीची गडद जागा नंतर भरताना एकजीव होते.

सगळं पूर्ण निवल्यावर सांधे. बटण थोडं खाली आणायचं, रुंद टोकाची फक्त कड वापरायची, आणि त्या कोऱ्या खिडकीत दोन-तीन हलके स्पर्श द्यायचे, प्रत्येक स्पर्शानंतर थांबून. रंग शेजारच्या रेघेशी जुळला की पुरे. किंचित फिका राहिला तरी चालतो. किंचित काळा झाला की दिसतो. मची गाठ याच पद्धतीने बंद होते, आणि तिच्या आतल्या भोकाकडे पेन कधीच नेला जात नाही. भोकाची कड फक्त पहिल्या फेरीतली असते.

सांध्यात मोकळी जागा सोडण्याची ही युक्ती छपाईतही आहे. छापताना शाई सांध्यात साचून पसरते, म्हणून बारीक अक्षरांच्या साच्यात सांध्यावर मुद्दाम खाच ठेवतात. मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी १९७८ साली बनवलेल्या बेल सेंटेनियल या अक्षरवळणात त्या खाचा एवढ्या खोल आहेत की अक्षर मोठं केलं की ते चावल्यासारखं दिसतं. लहान छापलं की शाई ती जागा भरून काढते आणि अक्षर पुरतं होतं. लाकडावर शाईची जागा उष्णतेने घेतली आहे. ती पसरणारच, म्हणून तिच्यासाठी जागा आधी मोकळी ठेवायची.

बिघडलेलं कसं ओळखायचं, किती सुधारायचं

पाटी उलटी धरून बघायची. अक्षर ओळखू येत नाही, मग डोळा फक्त काळेपणा बघतो, आणि जास्त जळलेले सांधे लगेच पुढे येतात. लिहिताना दर काही रेघांनंतर टोकही बघायचं. त्यावर कोळशाचा थर चढला की उष्णता नीट उतरत नाही, रेघ अडखळते, आणि थर मध्येच सुटून लाकडावर काळा चट्टा ठेवतो. पेन बंद करून, टोक निवल्यावर ते बारीक पॉलिश पेपरवर ओढून साफ करायचं.

डाग पडलाच तर धारदार पात्याचं टोक उभं धरून कोळसा खरवडायचा. पॉलिश पेपरने सरसकट घासलं की काळी भुकटी शेजारच्या छिद्रांत बसते आणि पाटी मळकट होते. वरवरचा डाग खरवडून जातो. अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेला असेल तर खड्डा दिसतोच. अशा वेळी ताई बाकीची रेघच एक छटा गडद करतात, म्हणजे तो डाग वेगळा पडत नाही. एका चुकीसाठी सगळा शब्द गडद करावा लागतो, तरी खड्ड्यापेक्षा ते बरं.

शेवटी तेल किंवा पॉलिश. तेलाने लाकूड एक-दोन छटा गडद होतं आणि फिकी तपकिरी रेघ त्यात हरवते. म्हणून कसोटीच्या पट्टीवर तेल लावून मगच रंगाची पातळी ठरवायची. पाटी बाहेर उन्हात लागणार असेल तर फिक्या छटांवर भरवसा ठेवायचा नाही. ऊन लाकडातलं लिग्निन मोडतं, लाकूड करडं होत जातं आणि जळलेली रेघ हलकी पडते. बाहेरच्या पाटीला रेघ जरा खोल, आणि अतिनील किरण अडवणारं व्हार्निश, आणि तरीही काही वर्षांनी पुन्हा हात फिरवायची तयारी. पोर्चच्या आत, छपराखाली लावली तर हा त्रास बराच कमी होतो.

या पद्धतीची एक स्पष्ट मर्यादाही आहे. ‘श्रमसाफल्य’च्या मालकांना खाली घरातल्या चौघांची नावं आणि फोन नंबर १० मिलिमीटर उंचीत हवे होते. ताईंनी मोजून दाखवलं. १० मिलिमीटर अक्षरात मची गाठ अडीच मिलिमीटरची येते. सर्वांत बारीक टोकाची रेघ एक मिलिमीटर आणि आत उरतो अर्धा मिलिमीटर, तोही झाकेत जातो. “हे जाळून होणार नाही, हे ब्रशने लिहिते,” असं सांगून त्यांनी ते काम काळ्या रंगाने केलं. शंका आली तर शब्दातलं सर्वांत छोटं भोक पेन्सिलने खऱ्या मापात काढायचं आणि आपल्याकडचं सर्वांत बारीक टोक त्यावर धरून बघायचं. टोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंची झाक बसल्यावर आत लाकूड दिसत नसेल, तर पेन त्या कामाचा नाही.